हातचे पैसे सोडून ‘नको’ का म्हणतात? अल्टिमेटम गेमची पार्श्वभूमी

ऊसदराचं आंदोलन पेटलं की कोल्हापुरात एक चर्चा हमखास होते, शेतकरी तोडी बंद पाडतोय पण ऊस फडातच उभा राहिला, तुरे आले, की वजन घटणार आणि नुकसान त्याचंच होणार, मग हा हट्ट कशाला? यावर बरेच जण इकॉनॉमिक्समधल्या अल्टिमेटम गेम नावाच्या प्रयोगाचा दाखला देतात, की बघा, अन्याय वाटला की माणूस स्वतःचं नुकसान करून पण नकार देतो. दाखला चांगला आहे पण अर्धाच लागू पडतो. कारण ऊसवाल्याला पुढच्या सीझनला परत त्याच कारखान्याशी बोलायचंय, आज ताणलं तर उद्या दर मिळेल हा हिशोब त्याच्या डोक्यात असतो आणि तो बरोबरच आहे. हा गेम मुद्दाम असा बनवला होता की असला कुठलाच हिशोब उरू नये.

आपल्याकडच्या भाषेत सांगतो. कोल्हापुरात मिरजकर तिकटीला दोन अनोळखी माणसं समजा, एकमेकांना दिसत पण नाहीत. एकाला १००० रुपये दिले आणि सांगितलं की यातले समोरच्याला किती द्यायचे ते तू ठरव. समोरचा हो म्हणाला तर तशी वाटणी, नाही म्हणाला तर दोघांनाही शून्य. घासाघीस नाही, दुसरी फेरी नाही, परत कधी गाठ पडायची नाही. इकॉनॉमिक्सचं जुनं गणित म्हणतं की समोरच्यानं १० रुपये पण घ्यावेत कारण शून्यापेक्षा १० जास्त, आणि पहिल्याला हे माहीत असल्यामुळं तो असलीच किरकोळ रक्कम देणार.

१९८२ मध्ये वर्नर ग्यूट हा अर्थतज्ज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी जर्मनीत कोलोनला हे खरे पैसे ठेवून करून बघितलं, रक्कम ४ ते १० मार्क, आणि खेळणारे इकॉनॉमिक्सचेच विद्यार्थी. सगळ्यात जास्त वेळा आलेली ऑफर निम्म्याची होती, सरासरी साधारण ३७ टक्के. आठवड्यानं त्याच पोरांना परत खेळवलं, विचार करायला भरपूर वेळ मिळालेला, तर देणारे जरा हावरे झाले, सरासरी ३२ टक्क्यांवर आली, पण घेणाऱ्यांचे नकार उलट वाढले! म्हणजे गणित कळलं नाही म्हणून नाकारलं असं म्हणायला जागा राहिली नाही. पुढं बऱ्याच देशांत साधारण हेच दिसलं, ४०-५० टक्के देतात आणि २० टक्क्यांच्या खालची ऑफर जवळपास निम्मे लोक फेटाळतात.

मग लोक म्हणाले, चिल्लर आहे म्हणून माज करतात. हा आक्षेप खोटा नाही. २०११ ला छापून आलेल्या एका अभ्यासात ईशान्य भारतातल्या गरीब खेड्यांत रक्कम २० रुपयांपासून २०,००० पर्यंत नेली होती, आणि २०,००० ला, म्हणजे तिथल्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढ्या रकमेला, नकार जवळजवळ संपले. त्यामुळं ‘माणूस कुठल्याही किमतीला अन्याय सोसत नाही’ असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे, नकाराला पण किंमत असते आणि ती परवडावी लागते.

पण मला खरा महत्त्वाचा वाटतो तो फाल्क, फेर आणि फिशबाकर या अर्थतज्ज्ञांचा २००३ चा प्रयोग, आणि नेमका तोच कमी सांगितला जातो. त्यांनी १० पॉइंटची वाटणी ठेवली पण देणाऱ्याला मोकळं सोडलं नाही, फक्त दोन पर्याय दिले. एक पर्याय कायम तोच, आठ मला दोन तुला. दुसरा बदलत गेला आणि तो काय आहे हे घेणाऱ्याला दिसत होतं. दुसरा पर्याय पाच-पाचचा असताना ज्यानं आठ-दोन निवडलं त्याला सुमारे ४४ टक्के लोकांनी उडवून लावलं. दुसरा पर्याय दोन मला आठ तुला असा असताना २७ टक्क्यांनी, कारण स्वतः एवढं सोसावं अशी अपेक्षा कोण करणार. दुसरा पर्याय दहा मला शून्य तुला असताना फक्त ९ टक्क्यांनी.

तिन्ही वेळा हातात पडणार होते तेच दोन पॉइंट. राग रकमेचा असता तर नकार सगळीकडं सारखेच आले असते, ते हलले कारण लोक समोरच्याची नियत बघत होते, याला चांगलं वागता येत होतं का आणि तरी यानं असं केलं का.

तरी सगळंच समोरच्याच्या हेतूवर ढकलता येत नाही. चौथ्या प्रकारात दोन्ही पर्याय आठ-दोनच होते, देणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं, दोष द्यायचा तरी कुणाला, आणि तिथंही १८ टक्के लोकांनी ते दोन पॉइंट घेतले नाहीत.