गृहकर्ज हस्तांतरण (बॅलन्स ट्रान्सफर) आणि ब्रेक-ईव्हन महिना

चालू गृहकर्जाची शिल्लक मुद्दल कमी व्याजदराने कर्ज देणाऱ्या दुसऱ्या बँकेकडे किंवा गृहवित्त कंपनीकडे नेण्याच्या व्यवहारास गृहकर्ज हस्तांतरण म्हणतात. बँकिंग व्यवहारात त्यास ‘बॅलन्स ट्रान्सफर’, ‘बीटी’ किंवा ‘टेकओव्हर’ अशीही नावे रूढ आहेत. कायद्याच्या दृष्टीने येथे जुने कर्ज पुढे चालू राहत नाही. नवी बँक नव्या कर्जातून जुन्या कर्जाची पूर्ण फेड करते आणि त्याच घरावर स्वतःच्या नावे नवे गहाण निर्माण करते. हस्तांतरणाचे बहुतेक खर्च या नव्या गहाणापोटी उद्‌भवतात. हे खर्च व्याजातील बचतीतून ज्या महिन्यात भरून निघतात, तो ब्रेक-ईव्हन महिना होय.

हा व्यवहार भारतात साधारणतः एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, किरकोळ गृहकर्जांतील स्पर्धा वाढली त्या काळात, रुळलेला दिसतो. मुदतपूर्व फेडीवरील दंड हा त्यातील मोठा अडसर होता. हा दंड स्पर्धेला मारक आहे काय, हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला होता. परंतु २०१० मध्ये आयोगाने बहुमताने तो कायद्याचा भंग ठरत नाही असा निर्णय दिला. त्यामुळे दंड हटविण्याचे श्रेय स्पर्धा कायद्यापेक्षा नियामकांच्या आदेशांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांतही पहिले पाऊल सामान्यतः समजले जाते तसे रिझर्व्ह बँकेचे नव्हते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये गृहवित्त कंपन्यांना, ग्राहकाने स्वतःच्या पैशातून केलेल्या फेडीवर दंड घेण्यास मनाई केली. दुसरीकडून कर्ज काढून केलेली फेड या सवलतीबाहेर राहिल्याने हस्तांतरणाला तिचा उपयोग नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये बदलत्या (फ्लोटिंग) दराच्या कर्जांसाठी पैसा कोठून आला हा भेद काढून टाकण्यात आला. बँकांच्या बाबतीत ग्राहकसेवेवरील दामोदरन समितीने केलेल्या शिफारशीनंतर रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक जून २०१२ मध्ये निघाले. स्थिर दराच्या जुन्या कर्जांवर मात्र करारानुसार दंड लागू शकतो. तो असेल तर खर्चात प्रथम तोच धरावा लागतो.

दरातील फरक कोठून येतो, हे समजल्याशिवाय पुढील गणित फसवे ठरते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवी फ्लोटिंग गृहकर्जे बाह्य मापदंडाशी जोडणे बंधनकारक आहे. हा मापदंड बहुतांशी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, असतो, आणि त्यावर बँकेचे अधिमूल्य, म्हणजे ‘स्प्रेड’, चढविले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० टक्क्यांवरून सुरू झालेली कपात रेपो दराला त्याच वर्षीच्या डिसेंबरात ५.२५ टक्क्यांवर घेऊन आली. ही कपात जुन्या व नव्या अशा दोन्ही रेपो-संलग्न ग्राहकांना मिळते. नव्या ग्राहकाला दर कमी पडतो तो बहुधा त्याचा स्प्रेड कमी असल्यामुळे. त्यामुळे दोन्ही कर्जे रेपोला जोडलेली असतील, तर पुढे रेपो वर गेला किंवा खाली आला तरी त्यांतील अंतर बव्हंशी टिकते. जुने कर्ज बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावर आधारलेल्या एमसीएलआर किंवा त्याआधीच्या बेस रेट पद्धतीतील असेल तर तसे होत नाही. या पद्धतींत कपात उशिरा पोचते, आणि आज दिसणारे अंतर जुना दर उतरल्यावर आपोआप घटू शकते. अशा वेळी संपूर्ण अंतर उरलेल्या मुदतीभर कायम धरून काढलेला ब्रेक-ईव्हन महिना प्रत्यक्षापेक्षा जवळचा दिसतो.

महाराष्ट्रातील खर्चात प्रक्रिया शुल्क व त्यावरील १८ टक्के जीएसटी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन आणि मूळ दस्तऐवज ठेवून केलेल्या गहाणावरील मुद्रांक शुल्क यांचा समावेश होतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ (फ) मधील हे गहाण केवळ दस्तऐवज ताब्यात दिल्याने पूर्ण होते. तरीही राज्यातील २०१३ पासूनच्या तरतुदीनुसार त्याची सूचना (नोटीस ऑफ इंटिमेशन) ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाकडे दाखल करावी लागते. पहिल्या कर्जाच्या वेळी भरलेले मुद्रांक शुल्क नव्या गहाणास उपयोगी पडत नाही. ‘प्रक्रिया शुल्क शून्य’ अशा जाहिरातीतील खर्चही त्यामुळे शून्य नसतो.

आणखी एक खर्च कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो, तो म्हणजे दुहेरी व्याजाचा. जुनी बँक फोरक्लोजर लेटरमध्ये ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम व त्यापुढील प्रतिदिन व्याज नमूद करते. नवी बँक त्या रकमेचा धनादेश काढते त्या दिवसापासून तिचे व्याज सुरू होते, तर जुन्या खात्याचे व्याज धनादेश वटेपर्यंत थांबत नाही. धनादेश पोचायला उशीर होऊन रक्कम काही शे रुपयांनी जरी अपुरी पडली, तरी जुने खाते बंद होत नाही, ना-हरकत पत्र अडते आणि मधल्या काळात जुना हप्ताही खात्यातून वळता होऊ शकतो. फोरक्लोजर लेटरमधील तारखेनंतर दोन-चार दिवसांचे व्याज धरून रक्कम मागणे, किंवा धनादेशाऐवजी आरटीजीएस होते काय ते विचारणे, हा त्यावरील उपाय आहे.

उदाहरणादाखल पुण्यातील एका सदनिकेचे कर्ज घेऊ. शिल्लक मुद्दल ४० लाख रुपये, उरलेली मुदत १८० महिने, जुना दर ८.२५ टक्के व हप्ता ३८,८०६ रुपये आहे. नवा दर ७.५० टक्के असून त्याच मुदतीचा हप्ता ३७,०८० रुपये होतो. खर्चात प्रक्रिया शुल्क जीएसटीसह ११,८०० रुपये, वकील व मूल्यांकन यांचे ६,००० रुपये, ०.३ टक्के दराने धरलेले मुद्रांक शुल्क १२,००० रुपये आणि सूचना दाखल करण्याचे १,५०० रुपये येतात. पाच दिवसांचे दुहेरी व्याज, दररोज सुमारे ९०४ रुपयांप्रमाणे, ४,५२० रुपये होते. एकूण खर्च ३५,८२० रुपये.

ब्रेक-ईव्हन महिना काढण्याच्या प्रचलित रीतीत या खर्चास हप्त्यांतील फरकाने भागतात. येथे फरक १,७२५ रुपयांचा असल्याने उत्तर एकविसावा महिना असे येते. ही रीत सोपी असली तरी सदोष आहे. हप्ता कमी होणे आणि व्याज कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याच महिन्यात व्याज २,५०० रुपयांनी कमी लागते. हप्त्यात दिसतात ते त्यांपैकी १,७२५ रुपये, आणि बाकीचे ७७५ रुपये मुद्दल अधिक वेगाने फेडण्यात जातात.

म्हणून हप्ता जुनाच, ३८,८०६ रुपये, ठेवला आहे असे मानून दोन्ही कर्जांची शिल्लक महिन्यागणिक ताडून पाहणे अधिक ग्राह्य मानावे. पहिल्या महिन्याअखेर नव्या कर्जाची शिल्लक २,५०० रुपयांनी कमी असते. पुढे दर महिन्याला या अंतरावर नव्या दराने व्याज चढते, आणि त्यात जुन्या शिल्लकीवरील दरफरकाची भर पडते. अशा रीतीने अंतर बाराव्या महिन्याअखेर सुमारे ३०,५६६, चौदाव्याअखेर ३५,७८० आणि पंधराव्याअखेर ३८,४०० रुपये होते. ३५,८२० रुपयांचा खर्च चौदाव्या महिन्यात अवघ्या चाळीस रुपयांनी भरून निघायचा राहतो व पंधराव्यात वसूल होतो. खर्चाचे हेच पैसे जुन्या कर्जात आगाऊ भरले असते तर त्यांवर ८.२५ टक्के व्याज वाचले असते, असाही काटेकोर आक्षेप घेता येतो. तो मान्य करून खर्चही त्याच दराने वाढविला, तर उत्तर सोळावा महिना येते. या फरकाने निर्णय क्वचितच बदलतो. सोळा महिन्यांच्या आत घर विकण्याचा किंवा कर्ज संपूर्ण फेडण्याचा बेत असेल, तरच तो निर्णायक ठरतो.

प्रचलित रीतीचा खरा धोका मुदत वाढविल्यावर दिसतो. नवी बँक हेच कर्ज पुन्हा २४० महिन्यांसाठी देऊ करते तेव्हा हप्ता ३२,२२४ रुपयांवर येतो. खर्चास हप्त्यांतील ६,५८२ रुपयांच्या फरकाने भागल्यास सहाव्याच महिन्यात वसुली झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात जुन्या कर्जाच्या १८० हप्त्यांची बेरीज ६९.८५ लाख रुपये आहे, तर नव्याच्या २४० हप्त्यांची ७७.३४ लाख. व्याजदर पाऊण टक्क्याने कमी असूनही एकूण भरणा सुमारे साडेसात लाखांनी वाढतो. मुदत १८० महिनेच ठेवली असती तर एकूण भरणा खर्च वजा जाता सुमारे पावणेतीन लाखांनी घटला असता. मासिक ओढाताण कमी करण्यासाठी मुदत वाढविणे गैर नाही. पण तिला बचत समजून ब्रेक-ईव्हन महिना काढणे चूक आहे. कर्जास जोडलेल्या विम्याचा हप्ता नव्या मुद्दलीत मिळविला गेला असेल, तर तोही खर्चात धरला पाहिजे. मंजुरीपत्रातील रक्कम फोरक्लोजर रकमेपेक्षा जास्त दिसली की त्याचे कारण बहुधा हेच असते.

तुलना केवळ ‘जुना दर विरुद्ध नवा दर’ अशी करणेही अपुरे आहे. जुन्या बँकेकडे दरकपातीचा अर्ज केल्यास ती बरेचदा रूपांतरण शुल्क घेऊन स्प्रेड कमी करते. ऑक्टोबर २०२५ पासून स्प्रेडमधील काही घटक तीन वर्षे थांबल्याविनाही ग्राहकाच्या हितासाठी कमी करण्याची मुभा बँकांना आहे. वरील उदाहरणात जुन्या बँकेने ५,९०० रुपयांत ७.७५ टक्के दर दिला, तर हस्तांतरणाचा अधिकचा खर्च २९,९२० रुपये आणि अधिकचा लाभ केवळ पाव टक्क्याचा उरतो. शिल्लक ताडण्याच्या वरील रीतीने ब्रेक-ईव्हन महिना मग पस्तिसावा येतो, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांवर जातो. हस्तांतरणाचा प्रस्ताव हाती घेऊन प्रथम जुन्या शाखेत जाण्याची पद्धत यामुळेच पडली असावी.

कर्ज फिटल्यावर जुन्या बँकेने मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत करावेत व भार-नोंद काढून टाकावी, आणि तिच्यामुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तोवर नवी बँक दस्तऐवजांविना उभी असते. म्हणून काही बँका दस्तऐवज जमा होईपर्यंत किंचित चढा दर लावतात. मंजुरीपत्रात तसे कलम असल्यास तेवढ्या महिन्यांचा दरफरक हिशेबात कमी धरावा.

प्राप्तिकराबाबत, मूळ गृहकर्ज फेडण्यासाठी काढलेल्या दुसऱ्या कर्जाचे व्याजही वजावटीस पात्र असल्याचे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९६९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट वर्षाला दोन लाख रुपयांपुरती मर्यादित असते. उदाहरणातील कर्जावर दोन्ही दरांनी वार्षिक व्याज या मर्यादेच्या बरेच वर असल्याने आरंभीच्या वर्षांत करामुळे ब्रेक-ईव्हन महिना बदलत नाही.