बीअर-निर्मितीच्या प्रमाणपत्र परीक्षांतील माल्टिंग, मॅशिंग आणि किण्वन

बीअर बनवण्याच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या अभ्यासक्रमात माल्टिंग, मॅशिंग आणि किण्वन या तीन टप्प्यांना मध्यवर्ती स्थान असते. माल्टिंगमध्ये बार्ली अंकुरवून सुकवतात, मॅशिंगमध्ये ती दळून गरम पाण्यात मिसळतात आणि किण्वनात यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंग अँड डिस्टिलिंगचे (आयबीडी) मूळ १८८६ सालच्या ‘लॅबोरेटरी क्लब’मध्ये आहे. तिच्या परीक्षा मुख्यतः कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी असतात. जनरल सर्टिफिकेट ही त्यातली खालच्या पायरीवरची परीक्षा, त्यानंतर डिप्लोमा आणि सर्वांत वर मास्टर ब्रुअर. १९८५ साली सुरू झालेला अमेरिकेतील बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम (बीजेसीपी) स्पर्धांसाठी परीक्षक तयार करतो. सिसेरोन ही बीअर देणाऱ्या, विकणाऱ्या आणि निवडणाऱ्यांची परीक्षा. हेतू वेगळे असले तरी पाया समान आहे. बार्लीतला स्टार्च कधी, कशामुळे आणि किती प्रमाणात यीस्टला खाता येईल अशा साखरेत बदलतो, हे उमेदवाराला सांगता आले पाहिजे.

टप्प्यांची नावे आणि तापमाने पाठ असली की सोपे प्रश्न सुटतात. वरच्या पातळीवर मात्र तयार बीअरमधले किंवा टाकीतले एखादे लक्षण देऊन त्याचे मूळ कोणत्या टप्प्यात आहे, असे विचारले जाते. त्यात सर्वाधिक शिकवणारे लक्षण म्हणजे किण्वन अपेक्षेपेक्षा आधीच थांबणे. त्याचे कारण तिन्ही टप्प्यांत असू शकते. ही नोंद मुख्यतः त्याबद्दल आहे.

माल्टिंग: विकरे घडवणे आणि जपणे

बार्लीच्या दाण्यात सुरुवातीला साधारण १२ टक्के ओलावा असतो. दाणे पाण्यात भिजवणे आणि मधूनमधून पाणी काढून हवा देणे असे आलटून-पालटून दोनेक दिवस केल्यावर ओलावा ४३ ते ४६ टक्क्यांवर जातो. हवा न देता सलग भिजवले तर भ्रूण गुदमरतो आणि दाणे असमान अंकुरतात. त्यानंतर सुमारे १५ ते १८ अंश सेल्सिअसला चार-पाच दिवस अंकुरण चालते. भ्रूणातून निघालेले जिबरेलिक आम्ल दाण्याच्या अॅल्युरोन थराला विकरे बनवायला लावते. या विकरांमुळे पेशीभित्तिकांतील बीटा-ग्लुकन आणि प्रथिनांची जाळी मोडते आणि स्टार्च मोकळा होतो. परीक्षेत ‘मॉडिफिकेशन’ म्हणतात ते हेच.

दोन अमायलेज विकरांत फरक आहे आणि तो वारंवार विचारला जातो. अल्फा-अमायलेज कोरड्या बार्लीत जवळजवळ नसते, ते अंकुरणातच तयार होते. बीटा-अमायलेज दाण्यात आधीपासून असते, पण प्रथिनांना बांधलेले असते आणि अंकुरणात सुटे होते.

शेवटी भट्टीत सुकवणे. फिकट माल्टसाठी आधी ५० ते ६० अंशांच्या हवेने बराचसा ओलावा काढतात आणि मगच तापमान ८० ते ८५ अंशांपर्यंत चढवून ओलावा ४ ते ५ टक्क्यांवर आणतात. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ओल्या दाण्यातले विकर उष्णतेने लवकर मरते, कोरड्या दाण्यातले टिकते. घाईने तापवलेला माल्ट दिसायला ठीक दिसतो, पण त्याची स्टार्च पचवण्याची ताकद गेलेली असते. गडद, भाजलेल्या माल्टमध्ये विकरे उरतच नाहीत, म्हणून त्यांना फिकट माल्टची साथ लागते.

मॅशिंग: किती साखर, आणि कोणती

दळलेला माल्ट गरम पाण्यात मिसळला की बार्लीचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशांच्या आसपास फुगून विकरांना मोकळा होतो. बीटा-अमायलेज साखळीच्या टोकाकडून दोन-दोन घटक तोडून माल्टोज बनवते. त्याला ६० ते ६५ अंश मानवतात. ६५ अंशांवर तासाभरात त्याचा बराच भाग निकामी होतो, ७० अंशांवर काही मिनिटांतच. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच कुठेही तोडते, ७० ते ७५ अंशांवर सर्वांत वेगाने चालते आणि ८० च्या आसपास संपते. मॅशचा पीएच ५.२ ते ५.५ दोघांनाही चालतो.

एकाच माल्टमधून ६४ अंशांवर आणि ६९ अंशांवर वर्ट, म्हणजे मॅशमधून गाळलेला गोड द्रव, काढला तर दोन्हींत विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण जवळपास सारखे येऊ शकते. फरक असतो तो त्यातल्या साखरांच्या जातीत. पहिल्यात माल्टोज जास्त, दुसऱ्यात यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन जास्त. सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीवरून, म्हणजे पाण्याच्या तुलनेतल्या घनतेवरून, हा फरक ओळखता येत नाही आणि आयोडीन चाचणीवरूनही नाही. आयोडीन फक्त लांब स्टार्च उरला आहे की नाही एवढेच सांगते. उरला असेल तर निळे-काळे, नसेल तर पिवळट तपकिरी. ‘आयोडीन ठीक, म्हणजे मॅश ठीक’ असे उत्तर लिहिणाऱ्याचे गुण इथेच जातात.

बीजेसीपीच्या लेखी परीक्षेत माल्टपासून पूर्ण पाककृती मांडायला लावणारा प्रश्न असतो. तिथे पाणी किती तापवायचे हे काढता आले पाहिजे. एका किलो माल्टला ३ लिटर पाणी, माल्टचे तापमान २० अंश आणि हवे असलेले मॅश ६६ अंश असेल, तर ०.४१ ला ३ ने भागून ४६ या फरकाने गुणायचे. उत्तर ६.३ येते. ते ६६ मध्ये मिळवले की पाणी सुमारे ७२.३ अंशांवर हवे. भांडे थंड असेल तर ते स्वतः काही अंश खाते आणि सूत्रात ते धरलेले नसते. भांडे आधी तापवून घेणे हा साधा उपाय.

किण्वन: यीस्टला काय लागते

थंड केलेल्या वर्टमध्ये लिटरला ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळवतात, कारण पेशींना वाढीसाठी पटलातली स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले बनवायला तो लागतो. यीस्टचे प्रमाण ढोबळमानाने एका मिलिलिटरला दर प्लेटो अंशामागे, म्हणजे वर्टमध्ये विरघळलेल्या पदार्थांच्या दर टक्क्यामागे, दहा लाख पेशी. १२ प्लेटोच्या वर्टला म्हणून एक कोटी वीस लाख. थंड तापमानाला किण्वन चालणाऱ्या लागर बीअरला याहून जास्त देतात. पहिल्या काही तासांत बाहेरून काहीच दिसत नाही. मग फेस येतो, पेशी वाढतात आणि साखरांचा क्रम लागतो: आधी ग्लुकोजसारख्या साध्या साखरा, मग माल्टोज, सर्वांत शेवटी माल्टोट्रायोज. शेवटी पक्व होण्याचा काळ येतो. यीस्टने बाहेर टाकलेल्या अल्फा-अॅसिटोलॅक्टेटपासून आपोआप डायअॅसिटिल, म्हणजे लोण्याचा वास, बनतो आणि जिवंत यीस्टच तो परत ओढून निरुपद्रवी करते. यीस्ट लवकर थंड करून खाली बसवले तर हे काम अपुरे राहते.

एक उदाहरण

परीक्षेत येऊ शकेल असे प्रकरण घेऊ. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४८, ठरल्याप्रमाणे. शेवटची १.०१० अपेक्षित होती, पण टाकी १.०१६ वर तीन दिवस अडून आहे. आयोडीन चाचणीत स्टार्च दिसला नव्हता. किण्वनाचे तापमान १९ अंश, यीस्टचे प्रमाण योग्य. कारण शोधा.

पहिली पायरी हिशोबाची. दृश्य अटेन्युएशन म्हणजे सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीतल्या १.००० वरच्या ४८ गुणांपैकी किती टक्के गेले ते. अपेक्षेप्रमाणे ४८ पैकी ३८, म्हणजे ७९ टक्के. प्रत्यक्षात ४८ पैकी ३२, म्हणजे सुमारे ६७ टक्के. ग्रॅव्हिटीतील फरकाला १३१.२५ ने गुणल्यास अल्कोहोल ५.० टक्क्यांऐवजी ४.२ टक्के निघते.

दुसरी पायरी मोजमापावर शंका घेण्याची, आणि ती बहुतेक उमेदवार गाळतात. नमुन्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर त्याचे बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून तो वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. नमुना हलवून वायू काढावा आणि उपकरण ज्या तापमानाला जुळवले आहे, त्या तापमानाला मोजावे. रिफ्रॅक्टोमीटर वापरला असेल तर अल्कोहोलमुळे त्याचा आकडा सरळ वाचताच येत नाही, त्याला दुरुस्ती लागते. ‘अडलेली’ टाकी कित्येकदा इथेच सुटते.

आकडा खराच १.०१६ निघाला तर सक्तीची किण्वन चाचणी. टाकीत भरताना बाजूला ठेवलेल्या वर्टमधून सुमारे २०० मिलिलिटर घ्यायचे, त्यात भरपूर ताजे यीस्ट घालायचे आणि साधारण २५ अंशांवर सतत ढवळत दोन-तीन दिवस ठेवायचे. या वर्टमधून जास्तीत जास्त किती साखर खाल्ली जाऊ शकते, ती मर्यादा त्यातून कळते. टाकी या मर्यादेच्या एक-दोन गुण वर थांबणे नेहमीचे आहे.

चाचणी १.००९ किंवा १.०१० वर पोचली, तर वर्टमध्ये साखर आहे आणि टाकीतल्या यीस्टने ती सोडून दिली. मग ऑक्सिजन कमी होता का, रात्री तापमान एकदम पडले का, यीस्ट गुठळ्या होऊन लवकर बसले का, हे पाहायचे. उपाय म्हणजे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवून यीस्ट हलवणे, किंवा जोमाने किण्वन चाललेल्या दुसऱ्या टाकीतला काही भाग घालणे. कोरडे यीस्ट थेट अल्कोहोल असलेल्या, ऑक्सिजन संपलेल्या द्रवात टाकले तर ते फारसे काम करत नाही.

चाचणीही १.०१५ वर थांबली, तर यीस्ट निर्दोष आहे. आता आणखी यीस्ट घालून उपयोग नाही आणि उत्तरपत्रिकेत तो उपाय लिहिणे ही ठळक चूक ठरते. दोष वर्टमध्ये, म्हणजे मॅशमध्ये, माल्टमध्ये किंवा पाककृतीत आहे. दिलेल्या प्रकरणात सुरुवातीची ग्रॅव्हिटी पूर्ण मिळाली आणि आयोडीन स्वच्छ होते. माल्टची विकरे खूपच दुबळी असती तर अर्क कमी आला असता किंवा स्टार्च उरला असता. मॉडिफिकेशन अपुरे असते तर बीटा-ग्लुकनमुळे वर्ट घट्ट होऊन गाळणी रेंगाळली असती आणि अर्कही घटला असता. यातले काहीच नाही. पाककृतीत न पचणारे घटक देणारा क्रिस्टल माल्ट नेहमीपेक्षा जास्त नसेल, तर उरते एकच मुख्य शक्यता: मॅश ठरल्यापेक्षा गरम होते. बीटा-अमायलेज लवकर गेले, अल्फाने स्टार्च तोडला, पण डेक्स्ट्रिनपर्यंतच. थर्मामीटर तीन-चार अंश कमी दाखवत असेल, किंवा त्याचे टोक मॅशच्या थंड कोपऱ्यात असेल, तर नेमके हेच घडते. थर्मामीटर वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासावा, पण उकळबिंदू उंचीनुसार उतरतो हे लक्षात ठेवून.

या टाकीपुरते दोन मार्ग राहतात. जास्त कोरड्या बीअरमध्ये ती मिसळणे, किंवा ग्लुकोअमायलेज घालून डेक्स्ट्रिन मोडणे. दुसऱ्या मार्गात विकर ठरावीक ठिकाणी थांबत नाही. त्यामुळे बीअर अपेक्षेपेक्षा कोरडी होऊ शकते, आणि किण्वन पूर्ण होण्याआधी बाटलीत भरल्यास दाब धोकादायक पातळीला जातो.