ध्रुव बुडाल्यावर

प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियातली बेटं वाऱ्यावर भरकटलेल्या होड्यांमुळे वसली, असं अजूनही सांगितलं जातं. 1956 मध्ये इतिहासकार अँड्र्यू शार्प यांनी ते ठासून मांडलं होतं. पण 1 मे 1976 ला ‘होकुलेआ’ ही दोन होड्या जोडून केलेली शिडाची नौका हवाईतून निघाली आणि कंपास न वापरता, सुमारे चार हजार किलोमीटर कापून 4 जूनला ताहितीला लागली. वाटाड्या होते मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माउ पियाइलुग.

दिशा राखणं त्यातल्या त्यात सोपं. तारा रोज क्षितिजावर त्याच जागी उगवतो. तो वर चढला की त्याच जागी उगवणारा पुढचा तारा धरायचा. ढग आले तर दूरच्या वाऱ्यांनी उठवलेली लांब, संथ लाट नौकेला कुठल्या बाजूने उचलते, ते अंगाने ओळखायचं. यात सहावं इंद्रिय वगैरे काही नाही, लहानपणापासूनची सवय आहे.

खरी मेख पुढे आहे. आपण दक्षिणेला किती आलो, हे कसं कळणार? ध्रुवाची उंची म्हणजे आपले अक्षांश, पण विषुववृत्तापाशी ध्रुवच क्षितिजाला टेकतो. तिथून पुढे ताऱ्यांच्या जोडीची युक्ती कामी येते. व्याध दक्षिण आकाशात, तर पुनर्वसूतला पोलक्स उत्तर आकाशात. आपण उत्तरेला असलो की उत्तरेचा तारा जास्त वेळ वर राहतो, म्हणून महाराष्ट्रातून बघितलं तर व्याध आधी मावळतो आणि पोलक्स बराच नंतर. दक्षिणेला सरकावं तसं हे अंतर घटतं. ताहितीच्या जवळपास, साडेसतरा अंश दक्षिणेला, दोघं एकदमच मावळतात. तिथे एका अंशाचा, म्हणजे 111 किलोमीटरचा फरक पडला, तर मावळण्यात जेमतेम पावणेचार मिनिटांचं अंतर पडतं. क्षितिजावर ढगांची पट्टी असली की ती रात्र वाया जाते.

पूर्व-पश्चिम जागा मात्र तारे सांगत नाहीत. म्हणून मुद्दाम पूर्वेकडे झुकून जायचं. वारा आणि प्रवाह दोन्ही पश्चिमेला ढकलतात. एकदा बेटाच्या पश्चिमेला गेलात, तर वाऱ्याविरुद्ध परतणं फार जड जातं.

शेवटी पक्षी. सखल प्रवाळबेटावरची माडाची शेंडी पंधरावीस किलोमीटरवरूनच दिसते. पांढरा सुरय मात्र जमिनीपासून दीड-दोनशे किलोमीटरपर्यंत मासे पकडायला जातो आणि रात्री बेटावर परततो. एकच नेम धरण्याऐवजी पक्ष्यांच्या पल्ल्यामुळे आणखी रुंद झालेला बेटांचा पुंजका गाठायचा. होकुलेआलाही आधी तुआमोतू पुंजक्यातलं मातायवा बेट लागलं. भर दुपारी सुरय कुठे उडतोय, यावर विसंबू नये, तेव्हा तो माशांमागे फिरत असतो. सूर्य कलल्यावर तो सरळ एका रेषेत निघाला, की नौकेचं तोंड तिकडे वळवायचं. पिल्लांच्या दिवसांत चोचीत मासा धरलेला पक्षी दिसला, तर तो दिवसाही घरीच चाललेला असतो.