भूलभुलैयातली खूण : पुसायची की ठेवायची?

नाशिकमध्ये कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या बहुतेकांनी भूलभुलैयातून वाट काढायचा हा प्रोग्रॅम कधी ना कधी लिहिलेला असतो. `#` म्हणजे भिंत, टिंब म्हणजे मोकळं घर, `E` म्हणजे बाहेर पडायचं दार. शिरलेल्या घरात खूण करायची, चारही दिशांना पाऊल टाकून बघायचं, अडलं की मागे फिरायचं. एवढ्याशा प्रोग्रॅममध्ये एक ओळ अशी आहे की तिच्यावरून लॅबमध्ये आजही वाद होतो. मागे फिरताना त्या घरातली खूण पुसायची की तशीच ठेवायची?

या वादाची मुळं कॉम्प्युटरच्या आधीची आहेत. 1882 साली फ्रान्समध्ये गणिती करमणुकीच्या एका पुस्तकात भूलभुलैयातून सुटायची रीत छापली गेली. ती तार खात्याशी संबंधित एका अभियंत्याच्या नावावर सांगितली जाते. वाटेत शिरताना एक रेघ मारायची. त्याच वाटेने परत आलात तर दुसरी रेघ मारायची. दोन रेघा असलेल्या वाटेत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. शेवटी एकच रेघ असलेल्या वाटा जोडल्या की रस्ता मिळतो. या रीतीत पुसणं कुठेच नाही. खूण वाढते, कमी होत नाही.

‘बॅकट्रॅक’ हे नाव मात्र 1950च्या दशकातलं आहे, आणि ते वेगळ्या कामातून आलं. तिथे पुढे होता पटावर सोंगट्या मांडण्यासारखा प्रश्न: आठ वजीर एकमेकांना मारणार नाहीत असे बसवा, आणि अशा सगळ्या मांडण्या शोधा. त्या 92 निघतात. तिथे वजीर उचलून घेणं भागच असतं, कारण बसलेला वजीर पुढच्या प्रत्येक मांडणीच्या आड येतो. 1965 मध्ये या पद्धतीवर एक शोधनिबंध आला आणि ‘ठेव, पुढे जा, अडलं तर उचल’ हा साचा पक्का झाला. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राफमध्ये खोलवर शिरत जाण्याच्या शोधाला, म्हणजे डेप्थ फर्स्ट सर्चला, स्वतंत्र मान मिळाला. त्यात एकदा पाहिलेल्या शिरोबिंदूवरची खूण कायम राहते.

म्हणजे एकाच भूलभुलैयावर दोन घराण्यांचा हक्क आहे, एक उचलणाऱ्यांचं आणि एक ठेवणाऱ्यांचं. आमच्या जर्नलमध्ये हा प्रोग्रॅम वजिरांच्या प्रोग्रॅमनंतर आला, त्याच साच्यात बसवून आला, आणि सोबत वजीर उचलण्याची ओळही घेऊन आला. माझ्या मते घोळ तिथे सुरू झाला.

मला सगळ्यात जवळून माहीत असलेला काळ टर्बो सी प्लस प्लसचा. निळा पडदा, 80 स्तंभ आणि 25 ओळी. ग्राफिक्स चालू करायचं तर ड्रायव्हरचा मार्ग द्यावा लागे आणि तो निम्म्या मशीनवर चुकलेला असे. अक्षरांची जाळी मात्र सरळ छापता येई, म्हणून भिंत `#` झाली. बाहेरून सगळीकडे `#` ची चौकट घातली की जाळीबाहेर गेलो का हे वेगळं तपासावं लागत नाही, चौकटच अडवते. तेव्हाची एक नेहमीची अडचण सात अक्षरांच्या ओळीची होती. `char m[5][7]` असं लिहून त्यात सात अक्षरी ओळी भरल्या तर सी भाषेत चालतं, कारण शेवटचं शून्य अक्षर गाळलं जातं. तीच फाइल `.CPP` नावाने साठवली की कंपायलर ओळी जास्त लांब आहेत म्हणून अडतो. आकार `[5][8]` केला की प्रश्न मिटतो.

आता नेमका प्रोग्रॅम पाहू.

```c
char m[5][8] = {
  "#######",
  "#...#.#",
  "#.#...#",
  "#.#.#E#",
  "#######" };

int ja(int r, int c) {
  if (m[r][c] == 'E') return 1;
  if (m[r][c] != '.') return 0;
  m[r][c] = '+';
  if (ja(r+1,c) || ja(r,c+1) ||
      ja(r-1,c) || ja(r,c-1)) return 1;
  m[r][c] = 'x';
  return 0;
}
```

सुरुवात `ja(1,1)` ने. दिशांचा क्रम खाली, उजवीकडे, वर, डावीकडे. पहिलं घर `+` होतं आणि खाली (2,1), मग (3,1) असे आपण उतरतो. (3,1) मध्ये खाली भिंत, उजवीकडे भिंत, वर आपलीच `+` खूण, डावीकडे भिंत. ते घर `x` होतं. मागे (2,1) मध्ये आलो तर तिथेही उरलेल्या दिशा बंद, तेही `x`. (1,1) मध्ये परतल्यावर उजवीकडची दिशा अजून बाकी असते. तिथून (1,2), (1,3), खाली (2,3), आणि खालीच पहिला मान म्हणून (3,3). ते बंद, `x`. पुन्हा (2,3), मग उजवीकडे (2,4), (2,5), आणि खाली दार.

```
#######
#+++#.#
#x#+++#
#x#x#E#
#######
```

`+` ची ओळ म्हणजे रस्ता आणि `x` म्हणजे शिरून परत आलेल्या बंद बोळी. 1882 ची एक रेघ आणि दोन रेघा इथे दोन अक्षरं होऊन आल्या आहेत. वरच्या उजव्या कोपऱ्यातलं टिंब तसंच राहिलं, कारण तिथे जायची गरजच पडली नाही. सुरुवातीच्या घरात हौसेने `S` लिहिलं तर मात्र पहिल्याच कॉलला ‘टिंब नाही’ म्हणून 0 मिळतो. रस्ता नाही असं उत्तर आलं आणि जाळीत एकही `+` किंवा `x` दिसत नसेल, तर चूक इथे शोधावी.

आता वादाची ओळ. जर्नलमध्ये `'x'` च्या जागी `'.'` असायचं, म्हणजे मागे फिरताना घर होतं तसं करायचं. वरच्या भूलभुलैयात दोन्ही प्रकारे तोच रस्ता निघतो, कारण तिथे फिरून त्याच घरात येणारी एकही गोल वाट नाही. परीक्षेतले भूलभुलैये असेच छोटे आणि अरुंद असल्यामुळे फरक दिसत नाही आणि ओळ वर्षानुवर्षं टिकून राहते.

भिंती काढून टाका. सात बाय सातची पूर्ण मोकळी खोली घ्या आणि दार भिंतीआड ठेवा, म्हणजे रस्ता नाहीच. `x` ठेवणारा प्रोग्रॅम 49 घरांत प्रत्येकी एकदाच शिरतो आणि प्रत्येक घरातून चार कॉल करतो. पहिला कॉल धरून एकूण 197. टिंब परत करणारा प्रोग्रॅम कोपऱ्यातून निघणारी, स्वतःला न छेदणारी प्रत्येक वाट चालून बघतो. त्यांतल्या फक्त समोरच्या कोपऱ्यापर्यंत पोचणाऱ्या वाटाच 57 कोटी 57 लाख 80 हजार 564 आहेत. तीन बाय तीनच्या खोलीत हा आकडा 12 असतो, चार बाय चारमध्ये 184, पाच बाय पाचमध्ये 8512, सहा बाय सहामध्ये 12 लाख 62 हजार 816. दोन-दोन ओळी वाढवून बघणाऱ्या विद्यार्थ्याला आधी काहीच जाणवत नाही आणि मग अचानक पडदा थिजतो.

थिजला की ‘स्टॅक भरला’ असं सरसकट सांगितलं जायचं. ते खरं नव्हतं. 49 घरांत कॉलची खोली 50 च्या आसपासच राहते. स्टॅक भरला तर प्रोग्रॅम कोसळतो, इथे तो शांतपणे चालूच असतो. हा फरक ओळखायला प्रत्येक कॉलला एक मोजणी वाढवून दर दहा लाखांनी छापली की पुरे.

खूण ठेवण्यावरचा आक्षेप वरवर पटण्यासारखा आहे आणि तो मी प्रामाणिक शिक्षकांकडूनही ऐकला आहे: एखादं घर या वाटेने आल्यामुळे बंद ठरलं असेल, दुसऱ्या वाटेने आलो असतो तर तिथूनच दार सापडलं असतं, मग ते कायमचं का मारायचं? उत्तर शेजारच्या घरांत आहे. घर `x` होतं त्या क्षणी त्याच्या चार शेजाऱ्यांत फक्त भिंत, `x` किंवा `+` असू शकतं. आपल्या चालू वाटेवरच्या `+` मुळे अडलो असू, तर त्या `+` घराचा कॉल अजून जिवंत आहे आणि त्याच्या उरलेल्या दिशा तपासल्या जाणारच आहेत. दार त्याच्या पलीकडे असेल तर तिथूनच सापडेल, या घरात पुन्हा यायची गरज नाही. सराफ बाजारातून गोदाघाटाकडे निघालेला नवखा माणूस एका बोळात शिरून वाड्याच्या मागच्या भिंतीशी अडला आणि परत आला, तर पुढच्या चौकातून फिरून पुन्हा त्याच बोळाच्या तोंडाशी आल्यावर तो आत जात नाही. वजिराचं तसं नसतं. त्याचं घर आज वाईट असलं तरी पुढच्या मांडणीत चांगलं ठरू शकतं, कारण तिथे बाकीचे वजीर हललेले असतात. इथे भिंती हलत नाहीत.

म्हणून उत्तरपत्रिकेत `x` लिहिणाऱ्याला ‘हे बॅकट्रॅकिंगच नाही’ म्हणून गुण कापले गेले तेव्हा मला ते चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं. मागे फिरणं म्हणजे कॉलमधून परत येऊन पुढची दिशा घेणं. खूण पुसणं ही त्याच्यासोबत येणारी वेगळी गोष्ट आहे, आणि ती प्रश्नावर अवलंबून आहे.

गेल्या काही वर्षांत टिंब परत करणाऱ्या ओळीला खरं काम मिळालं ते नोकरीच्या ऑनलाइन चाचण्यांमुळे. तिथे भूलभुलैयात सोडलेल्या उंदराला दारापर्यंत पोचायच्या सगळ्या वाटा छापायला सांगतात. सगळ्या वाटा हव्या असतील तर खूण पुसावीच लागते, नाहीतर एका वाटेने वापरलेलं घर दुसरीला मिळत नाही, आणि `E` सापडल्यावर लगेच 1 परत न करता पुढे शोधत राहावं लागतं. ‘जास्तीत जास्त इतक्या पावलांत’ अशी अट असली तरी `x` चालत नाही, कारण लांबच्या वाटेने आल्यामुळे बाद झालेलं घर जवळच्या वाटेने चाललं असतं. कॉलेज रोडच्या क्लासमधली मुलं हल्ली या चाचण्यांची ओळ पाठ करून येतात आणि ‘रस्ता आहे की नाही’ एवढ्याच प्रश्नालाही तीच लावतात. जुनी चूक नव्या दाराने परत आली आहे.

सगळ्यात जवळचा रस्ता हवा असेल तर दोन्ही ओळी निरुपयोगी आहेत. तीन बाय तीनच्या मोकळ्या खोलीत दार सुरुवातीच्या अगदी उजव्या हाताला ठेवा. वरचा प्रोग्रॅम आधी खाली जातो, तळाने उजवीकडे सरकतो, वर चढतो आणि सात पावलांनी दारात येतो. खरं अंतर एक पाऊल असतं. यासाठीची रीत, सुरुवातीपासून एक-एक पावलाच्या वर्तुळाने पसरत जाण्याची, 1959 मध्येच भूलभुलैयाच्याच उदाहरणावर छापली गेली होती. तिला रांग लागते, मागे फिरणं लागत नाही.

रस्ता न सापडल्यावर छापलेली जाळीही दोन्ही प्रकारांत वेगळी दिसते. टिंब परत करणाऱ्यात ती जशी दिली तशीच कोरी परत येते आणि काय अडलं ते कळत नाही. `x` ठेवणाऱ्यात सुरुवातीपासून पोचता येणारा सगळा भाग `x` ने भरलेला असतो आणि दारापर्यंतचा बाकी भाग टिंबांचा. दोन्हींच्या मधली एकाच `#` इतकी जाड भिंत कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं.