दोन सेंटिमीटर खळगा, तीन मिलिमीटर वेत

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता: खोलगट झालेल्या वेताच्या खुर्चीवर मीठ आणि लिंबू घातलेलं उकळतं पाणी ओतलं की खुर्ची नव्यासारखी ताठ. त्यातलं पाणी खरं आहे. मीठ-लिंबाचा मात्र काही संबंध नाही, आणि खालून तुटलेल्या खुर्चीला तर पाण्याचाही उपयोग नाही.

वेत म्हणजे काटेरी, चढत जाणारी ताडवर्गीय वेल. बांबू पोकळ असतो, वेत भरीव. खुर्चीच्या बैठकीला वापरतात ती त्याच्या बाहेरच्या सालीची अरुंद पट्टी. तिची वरची बाजू चकचकीत आणि घट्ट असते, पाणी सहज आत घेत नाही. खालची बाजू मात्र खरखरीत आणि सच्छिद्र असते. म्हणूनच पाणी खालून द्यायचं. वरून वॉर्निश असेल तर वरून ओतलेलं पाणी नुसतं ओघळून जातं.

आमच्या घरातल्या आजोबांच्या खुर्चीचं उदाहरण घेऊ. चौकटीच्या आतली रुंदी ४० सेंटिमीटर. चौकटीवर एक सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवली आणि मधला खळगा मोजला, तो २ सेंटिमीटर भरला. आता प्रश्न असा, की इतक्या खळग्यासाठी प्रत्येक पट्टी किती लांबली असेल? खळग्याचा आकार साधारण परवलयासारखा धरला, तर जादा लांबी = ८/३ × (खळगा)² ÷ रुंदी. म्हणजे ८/३ × ४ ÷ ४०, जवळजवळ ०.२७ सेंटिमीटर. तीन मिलिमीटरसुद्धा नाही! लांबी एक टक्क्यापेक्षा कमी वाढली आणि बैठक दोन सेंटिमीटर खाली गेली.

ही वाढ येते कुठून? वेताच्या पेशीभिंतीत सेल्युलोजचे ताठ धागे असतात आणि त्यांच्यामध्ये भरण म्हणून लिग्निन, हेमिसेल्युलोज. रोज त्यावर वजन पडतं, पावसाळ्यात हवेतला ओलावा शिरतो. पाण्याचे रेणू या भरणातले हायड्रोजन बंध सैल करतात, आणि ताणाखाली हे घटक एकमेकांवरून किंचित सरकतात. पुढे पट्टी सुकते तेव्हा बंध पुन्हा जुळतात, पण सरकलेल्या नव्या जागी. ताण असा 'गोठतो'. यातला काही भाग परत मिळू शकतो, कारण ताणलेल्या धाग्यांची आपल्या जागी परतायची ओढ शिल्लक असते. वजन नसताना पाण्याने भरण मऊ केलं की ते मागे येतात आणि सुकताना तिथेच घट्ट होतात.

मी खुर्ची उलटी केली, गरम पाण्यात भिजवलेलं जाड फडकं खालच्या बाजूला अर्धा तास ठेवलं, आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळू दिली. तोवर कुणालाही बसू दिलं नाही. चौकटीच्या सांध्यांना पाणी लागू देऊ नका, जुना सरस पाण्याने सुटतो. दुसऱ्या दिवशी खळगा ८ मिलिमीटर होता. हिशोब पाहा: जादा लांबी आता अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. जादा लांबी खळग्याच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे शेवटचा थोडा खळगा मात्र जाता जात नाही, कारण लांबीतली इवलीशी शिल्लकसुद्धा तो दाखवून देते. पाण्याने पूर्ण सपाट होईल अशी अपेक्षा धरू नका.

पाण्याचा उपयोग धागे अखंड असेपर्यंतच. उन्हाने लिग्निन खराब होतं, पट्टी करडी आणि ठिसूळ होते. तपासायला खालचं एखादं सुटं टोक भिजवून बोटाभोवती वळवा. ओलं असूनही तडकलं तर वेत संपला, नवं विणा. मधल्या एक-दोनच पट्ट्या तुटल्या असतील तर त्यांच्याच वर-खाली मार्गाने भिजवलेली नवी पट्टी, चकचकीत बाजू वर ठेवून, काही भोकं पुढेमागे ओवता येते. पण आधी बैठक पाण्याने ताणून घ्या. नाहीतर नवी ताठ पट्टी शेजारच्या सैल पट्ट्यांचंही वजन एकटी पेलते आणि लवकर तुटते. मात्र चौकटीच्या खाचेत तयार विणलेली जाळी दाबून बसवलेली असेल, तर ती पूर्णच बदलावी लागते.

आजोबांच्या खुर्चीचं दुखणं वेगळंच निघालं. चौकटीच्या पुढच्या आडव्या लाकडापाशी, मांड्या टेकतात तिथे, शेजारशेजारच्या तीन उभ्या पट्ट्या भोकांच्या काठावर चिरलेल्या होत्या. तिथे वेत रोज वाकतो आणि लाकडाच्या धारेवर घासतो. अशा तुटीला ठिगळ टिकत नाही, शेजारची चौथी पट्टी पुढच्या महिन्यात जाते. 'मोडकी खुर्ची घरात नको, लक्ष्मी जाते' असं शेजारच्या आजींनी सांगितलं, पण चौकट सागवानी आणि धडधाकट आहे, फेकायचं काहीच कारण नाही. मी बैठक पूर्ण काढून नव्याने विणायला दिली.

विणणाऱ्या काकांनी हे काम अंधशाळेत शिकलेलं. प्रत्येक पट्टी ओवून झाली की ते अंगठ्याने दाबून पाहत, आणि मुद्दाम किंचित सैल सोडत. दोन थर उभे, दोन आडवे, मग दोन तिरपे. मी विचारलं, "आणखी ओढत का नाही?" ते म्हणाले, "ओला वेत वाळला की आपोआप ओढून घेतो. आत्ताच ताणला तर भोकापाशी तुटेल."