हार्टच्या डॉक्टरांकडे न्यायची चिठ्ठी : आत आम्ही काय लिहितो आणि का

आमच्या दवाखान्यातून हार्टच्या डॉक्टरांकडे पाठवलं की हातात एक पाकीट मिळतं. बरेच जण ते रिक्षात बसल्या बसल्याच उघडतात, आणि मग संध्याकाळी फोन येतो की डॉक्टर तुम्ही तर हार्ट फेल लिहिलंय, आम्हाला काही बोलला नाहीत. उघडा ना, तुमचंच आहे ते. फक्त आतलं नीट समजावं म्हणून हा कागद काढलाय.

एक केस घेऊ. दोन-तीन पेशंट मिळून बनवलेली आहे, त्यामुळे हे कोण असं शोधत बसू नका. वय ५२, सातपूरला कंपनीत सुपरवायझर, राहायला सिडकोत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बीपी दहा वर्षांपासून. आले ते पायाच्या सुजेसाठी, दम लागतो हे बायकोने सांगितलं. हे म्हणत होते वजन वाढलंय, वय झालं, होतंच.

चिठ्ठीत पहिल्या ओळीत आम्ही नुसतं "दम लागतो" लिहीत नाही, कारण दम सगळ्यांनाच लागतो, पांडवलेणीच्या पायऱ्या चढून बघा. लिहिलं असं : दिवाळीत तीन मजले एका दमात चढत होते, आता पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबावं लागतं, सपाट रस्त्यावर बायकोबरोबर चालताना मागे पडतात, बसल्यावर त्रास नाही. याने समोरच्या डॉक्टरांना दोन गोष्टी कळतात, किती आणि किती दिवसांत. म्हणून आम्ही खोदून खोदून विचारतो, कंटाळू नका.

दुसरी ओळ झोपेची. उशा किती घेता? आधी एक, आता दोन, आणि पंधरा दिवसांत दोनदा रात्री दीड-दोनला घुसमटून जाग आली, उठून खिडकीत बसल्यावर बरं वाटलं. हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं, ॲसिडिटी वाटली म्हणे. आडवं झालं की पायात साठलेलं पाणी परत रक्तात येतं, हार्टला ते पुढे ढकलता आलं नाही की मागे फुफ्फुसात साठतं आणि जाग येते. आमच्या दृष्टीने सगळ्या चिठ्ठीत ही ओळ सगळ्यात वजनदार.

मग सूज. दोन्ही पायांना, संध्याकाळी जास्त, नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरला की खड्डा राहतो. दोन्ही पायांना हे मुद्दाम लिहितो. एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरी दुखत असेल तर तिथे रक्ताची गुठळी असू शकते, ते प्रकरण वेगळं, त्यासाठी त्याच दिवशी यायचं.

आता खरी गंमत इथे आहे. यांची अम्लोडिपिन ही बीपीची गोळी दोन महिन्यांपूर्वी आम्हीच ५ वरून १० केली होती, आणि या गोळीनेही घोट्याला सूज येते, डोस वाढवला की जास्त येते. मग सगळं गोळीचंच का? चिठ्ठीत आम्ही लिहिलं, "सूज काही अंशी अम्लोडिपिनची असू शकेल, पण दम, रात्रीची घुसमट आणि मानेची फुगलेली शीर त्याने समजत नाही." गोळीने पाय सुजतात, मानेची शीर फुगत नाही. टेकवून बसवून मान तिरकी करून आम्ही बघत बसतो ते हेच. शिवाय वजन तीन आठवड्यांत साडेतीन किलो वाढलेलं, एवढी चरबी इतक्या दिवसांत येत नाही, ते पाणी असतं. गोळीची ओळ चिठ्ठीत नसती तर पुढचे डॉक्टर तिथेच अडकले असते, किंवा आमचं ऐकून सगळंच हार्टवर ढकललं असतं.

आणि अजून एक गोळी निघाली जी आमच्या कागदावर नव्हतीच. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, महिनाभर, रोज. ही पेनकिलर मीठ-पाणी अंगात धरून ठेवते, बीपी वाढवते, किडनीवर ताण आणते. ती बंद केली आणि तसं चिठ्ठीत लिहिलं. (आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजाऱ्याने दिलेली, सगळं सांगा, आम्ही रागावत नाही. थोडं रागावतो.)

तपासण्या आम्ही आधीच करून घेतो म्हणजे तिथे पुन्हा पैसे जात नाहीत. हिमोग्लोबिन, कारण रक्त कमी असलं तरी दम लागतो. क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, कारण किडनीनेही सूज येते. थायरॉइड. यांचं हे सगळं ठीक निघालं. ईसीजीत हार्टचा डावा भाग जाड झाल्याची खूण होती, बीपी १५४/९४. एन-टी-प्रो-बीएनपी नावाची एक रक्ताची टेस्ट असते, हार्टवर ताण आला की ती वाढते. ४०० च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी, पण जाड माणसात ती मुळात कमी येते हे लक्षात ठेवावं लागतं. यांची ११५० आली. ब्रिटनच्या नियमात ४०० ते २००० ला सहा आठवड्यांत आणि त्याच्या वर असेल तर दोन आठवड्यांत दाखवा असं आहे, पण रात्रीची घुसमट होती म्हणून आम्ही "आठ दिवसांत बघा" लिहिलं आणि स्वतः फोनही केला.

शेवटी निदानाच्या जागी "? हार्ट फेल्युअर". पुढचं प्रश्नचिन्ह वाचा, ते आहे म्हणजे आम्हाला शंका आहे, नक्की इको करून ठरेल. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे हार्ट बंद पडणं नाही, पंप हवा तेवढा चालत नाही किंवा नीट सैल होऊन भरत नाही एवढाच अर्थ. यांच्या इकोत पंपिंग ५८ टक्के म्हणजे चांगलं आलं, पण भिंत जाड आणि कडक, वर्षानुवर्षांच्या बीपीने झालेली. पंपिंग चांगलं आलं म्हणून हे साहेब खुश होऊन घरी निघाले होते, तिथल्या डॉक्टरांनी परत बसवून समजावलं की भरायलाच त्रास असेल तरी दम लागतोच. अम्लोडिपिन परत ५ झाली, बीपीची दुसरी गोळी आली, डापाग्लिफ्लोझिन सुरू झालं.

एक ओळ लोक विचारतात : "फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ सकाळी सुरू केले, सुरू करण्याआधीचे वजन ८१.५." ही लघवीची गोळी. चार दिवसांत सूज उतरली की तिथे पाय बारीकच दिसणार, म्हणून आधीचं वजन लिहावं लागतं. घरीही रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आम्हाला फोन करा. मिठाचं म्हणाल तर रविवारची मिसळ एकवेळ चालेल, पण रोजचा पापड, लोणचं आणि चिवडा सोडावा लागेल.

बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात किंवा गुलाबी फेस येऊन खोकला आला तर चिठ्ठी, तारीख सगळं बाजूला ठेवून १०८ ला फोन.

जाताना पाकीट, जुने ईसीजी आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका, पांढरी छोटी गोळी म्हटलं की कुणालाच काही कळत नाही. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि तिथून आल्यावर फाइल आमच्याकडे घेऊन या, नाहीतर महिन्याने आम्ही जुनी १० ची गोळीच परत लिहून देऊ.