अर्काइव्ह की ‘Recently Deleted’: गायब झालेली चॅट नेमकी कुठे असते

“माझी चॅट उडाली” अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची चॅट उडालेली नसते, ती अर्काइव्हमध्ये गेलेली असते. कारण साधं आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमधली चॅट दाबून धरली की वरच्या पट्टीत कचऱ्याच्या डब्याचं आणि अर्काइव्हचं चिन्ह जवळजवळ येतं. आयफोनवर चॅट डावीकडे सरकवली की ‘Archive’ लगेच बोटाखाली येतं. घाईत अंगठा पडतो, चॅट यादीतून नाहीशी होते, आणि माणूस धरून चालतो की डिलीट झाली.

म्हणून आधी एक चाचणी करावी. नवीन चॅट सुरू करायचं बटण दाबून त्या माणसाचं नाव निवडा. आधीचे मेसेज जसेच्या तसे दिसले तर चॅट अर्काइव्हमध्ये आहे. पान कोरं असेल तर ती खरोखर डिलीट झाली आहे किंवा ‘Clear chat’ दाबलं गेलं आहे. ग्रुप असेल तर वरच्या शोधपेटीत त्याचं नाव टाका, कारण शोधात अर्काइव्हमधल्या चॅटही येतात.

अर्काइव्ह म्हणजे फक्त नजरेआड ठेवणं. तिथे मुदत नसते, दोन वर्षांनी पाहिलं तरी चॅट तिथेच असते. यादीच्या सगळ्यात वर ‘Archived’ अशी ओळ असते. आयफोनवर ती दिसत नसेल तर यादी थोडी खाली ओढून पाहा. त्यातली चॅट दाबून धरून किंवा सरकवून ‘Unarchive’ केलं की काम झालं. एक गोष्ट मात्र लोकांना चकवते. २०२१ पासून नवा मेसेज आला तरी चॅट अर्काइव्हमध्येच राहते, आणि कोणी तुमचा उल्लेख केल्याशिवाय किंवा तुम्हाला उत्तर दिल्याशिवाय सूचनाही वाजत नाही. हे ‘Keep chats archived’ या सेटिंगमुळे होतं आणि ते बंद करता येतं. आणखी एक: त्या चॅटवर आपोआप नाहीसे होणारे मेसेज सुरू असतील तर अर्काइव्हमध्ये ठेवूनही ते ठरलेल्या वेळी जातातच. अर्काइव्हला तिजोरी समजू नये.

‘Recently Deleted’चा स्वभाव उलटा आहे. तिथे गेलेली वस्तू डिलीट झालेलीच असते, फक्त रद्दीवाला यायच्या आधी दाराशी ठेवलेल्या गठ्ठ्यासारखी काही दिवस थांबलेली असते. आयफोनच्या मेसेजेस ॲपमध्ये हा कप्पा २०२२ मध्ये आयओएस १६ सोबत आला. यादीच्या पानावरचं ‘Edit’ किंवा ‘Filters’ दाबलं की तो सापडतो. नव्या आवृत्त्यांत जागा थोडी इकडेतिकडे झाली आहे. मेसेज तिथे साधारण ३० दिवस राहतात, पूर्ण पुसले जायला ४० दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि प्रत्येक संभाषणापुढे किती दिवस उरले ते लिहिलेलं असतं. पण आत शिरून मेसेज वाचता येत नाहीत. फक्त नाव आणि मेसेजची संख्या दिसते. ते निवडून ‘Recover’ करायचं. परत आलेलं संभाषण आपल्या जुन्या तारखेच्या जागी बसतं, त्यामुळे यादीच्या वरच्या टोकाला शोधत बसू नका, खाली जा किंवा नावाने शोधा.

म्हणजे अर्काइव्हच्या बाबतीत घाई करण्याचं कारण नाही, आणि ‘Recently Deleted’च्या बाबतीत तीस दिवसांच्या आत हात हलवावा लागतो. गोंधळ होतो तो ॲप बदललं की. आयफोनवर मेसेजेसमध्ये असा कप्पा आहे म्हणून तो व्हॉट्सॲपमध्येही असेल असं लोक धरून चालतात. तो नाही. इन्स्टाग्रामवरही ‘Recently Deleted’ नावाची जागा आहे, पण ती पोस्ट, रील आणि स्टोरीसाठी; तिथल्या मेसेजच्या चॅट त्यात जात नाहीत. मला तर वाटतं, इतके लोक ज्यावर व्यवहार करतात त्या व्हॉट्सॲपने आठवडाभराचा तरी असा कप्पा द्यायला हवा होता.

मग व्हॉट्सॲपची चॅट खरोखर डिलीट झाली तर काय? डोंबिवलीच्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. नातवाच्या मुंजीच्या केटररशी झालेली सगळी बोलणी त्या चॅटमध्ये: ताटाचा दर, मेनू, आगाऊ दिलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट. सकाळी अकरा वाजता चॅट डिलीट झाली, आणि नाव उघडून पाहिलं तर पान कोरं. फोन अँड्रॉइड.

पहिलं काम: बॅकअपला हात लावायचा नाही. घाबरून ‘Back up’ दाबलं तर चॅट नसलेली नवी प्रत जुन्या प्रतीच्या जागी बसते. त्याऐवजी Settings, मग Chats, मग Chat backup उघडून शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते फक्त वाचायचं, आणि गूगल खात्यात आपोआप जाणारा बॅकअप बंद ठेवायचा. व्हॉट्सॲप फोनमधली प्रत रोज रात्री दोनला घेतं. काकूंच्या पडद्यावर आज पहाटेची वेळ दिसली, म्हणजे डिलीट होण्याआधीची. हे चांगलं लक्षण. अकरानंतरची वेळ दिसली असती तर ती प्रत निरुपयोगी ठरली असती.

आता ॲप काढून पुन्हा टाकायचं, त्याच नंबरने पडताळणी करायची आणि विचारलं की ‘Restore’ निवडायचं. चॅट परत येईल, पण पहाटे दोनपर्यंतचीच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोननंतर इतर सगळ्या चॅटमध्ये आलेले मेसेजही जातील, कारण संपूर्ण ॲप त्या क्षणाला परत जातं. म्हणून आधी आजचे महत्त्वाचे मेसेज एक्स्पोर्ट करून बाजूला ठेवावेत.

दोन रात्री उलटून गेल्या असतील तरी फोनमध्ये शेवटच्या सात दिवसांपर्यंतच्या प्रती असतात, Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases या फोल्डरमध्ये. हव्या त्या दिवसाची फाइल निवडून तिच्या नावातली तारीख आणि तिच्यामागचं ‘.1’ काढायचं, म्हणजे पहिल्या ओळीतलं नाव दुसऱ्या ओळीसारखं करायचं:

```
msgstore-2025-03-04.1.db.crypt15
msgstore.db.crypt15
```

आधीपासून या दुसऱ्या ओळीतल्या नावाची फाइल तिथे असेल तर तिचं नाव बदलून ठेवावं, आणि crypt पुढचा आकडा बदलायचा नाही. गूगल खात्यातली नवी प्रत आड येऊ नये म्हणून ती काढावी लागते. हे फोल्डर ॲप काढायच्या आधी संगणकावर कॉपी करून ठेवलेलं बरं. आयफोनवर ही सोय नाही, तिथे आयक्लाउडमधली शेवटची एकच प्रत.

काकूंनी यातलं काहीच केलं नाही. चॅट डिलीट केल्याने ती फक्त आपल्या फोनवरून जाते, समोरच्याकडे शाबूत असते. त्यांनी केटररला फोन लावला: “दादा, आपली ती चॅट एक्स्पोर्ट करून पाठवा ना.” दोन मिनिटांत फाइल आली. ती व्हॉट्सॲपमध्ये पुन्हा चॅट म्हणून बसत नाही, साध्या मजकुरासारखी उघडते, पण दर, मेनू आणि तारखा सगळं त्यात होतं, आणि स्क्रीनशॉट मीडियासकट मागितल्यामुळे तोही आला. बाकीच्या चॅटना धक्का न लावता काम होत असेल तर मीही आधी हाच मार्ग सुचवतो.

‘डिलीट झालेल्या चॅट परत मिळवा’ असं सांगणारी ॲप मात्र टाळावीत. त्यांतली बरीचशी फक्त सूचनांची परवानगी घेऊन आलेल्या मेसेजची नोंद ठेवतात. ती टाकण्याआधी गेलेल्या चॅटचं त्यांच्याकडे काही नसतं, आणि परवानगी दिल्यापासून बँकेचे ओटीपीही त्यांना दिसू शकतात.